ऑनलाइन बूट मागवताना : पायाचे माप एकच, मग दोन तक्त्यांत दोन नंबर कसे?

गिरणाकाठ (भडगाव)

नमस्कार. वडिलांना सकाळी फिरायला जाताना घालण्यासाठी बूट ऑनलाइन मागवायचे आहेत. आमच्याकडे चपला आणि सँडल हवे तितके मिळतात, पण चालण्याचे चांगले बूट घ्यायचे तर जळगाव किंवा चाळीसगाव गाठावे लागते आणि गुडघेदुखीमुळे वडिलांना एसटीचा प्रवास नको असतो. पायाचे माप संध्याकाळी घ्यावे असे बऱ्याच ठिकाणी वाचले होते, म्हणून काल सायंकाळी सहाच्या सुमारास त्यांना भिंतीला टाच टेकवून कागदावर उभे केले, अंगठ्यापुढे खूण केली आणि मोजले. उजवा पाय २५.४ सेंटीमीटर भरला आणि डावा २५.८.

अडचण यापुढे सुरू होते. एका संकेतस्थळाच्या तक्त्यात यूके ६ या नंबरासमोर २६.२ सेंटीमीटर आणि यूके ७ समोर २७ सेंटीमीटर लिहिलेले आहे. त्यावरून पाहिले तर वडिलांना ६ नंबर यायला हवा. दुसऱ्या संकेतस्थळाच्या तक्त्यात मात्र यूके ६ समोर २५.२ आणि यूके ७ समोर २६ सेंटीमीटर आहे, म्हणजे त्यांना ७ नंबर लागेल. कोणत्याही तक्त्यात हे सेंटीमीटर कशाचे आहेत ते सांगितलेले नाही. वडिलांचे जुने बूट ७ नंबरचे होते आणि ते चवड्यावर आवळत असत. आमच्या गावाच्या पिनकोडवर पहिल्या संकेतस्थळाची अदलाबदलीची सोय नाही, फक्त परतावा आहे, त्यामुळे नंबर पहिल्याच खेपेला बरोबर यावा अशी इच्छा आहे. जाणकारांनी मार्गदर्शन करावे.

अमळनेरी

ताई, सेंटीमीटरच्या फंदात आपण पडूच नका. बुटाच्या जिभेच्या आतल्या बाजूला युरोपचा नंबर छापलेला असतो, त्यातून ३४ वजा केले की आपला नंबर मिळतो. ४१ मधून ३४ गेले, राहिले ७. ४२ चा ८. मी कित्येक वर्षे असेच बूट घेत आलो आहे आणि एकदाही चूक झालेली नाही. वडिलांच्या जुन्या बुटावर ४१ असेल तर डोळे झाकून ७ मागवा.

रावेरची आई

माझाही प्रश्न नंबराचाच आहे, म्हणून इथेच विचारते. शाळा सुरू होण्याआधी मुलासाठी काळे बूट मागवले होते. गेल्या वर्षी त्याला १३ नंबर लागत होता, यंदा माप दिल्यावर संकेतस्थळ १ नंबर सुचवत आहे. एवढ्या मोठ्या मुलाला तान्ह्या बाळाचा नंबर कसा येईल? ही संकेतस्थळाची चूक आहे का?

जुना दुकानदार (भुसावळ)

भुसावळला माझे पादत्राणांचे दुकान होते. आता मुलगा पाहतो, पण मापाच्या विषयात मन अजून रमते. आधी रावेरच्या ताईंचे सांगतो, कारण ते दोन ओळींत संपण्यासारखे आहे. यूके पद्धतीत लहान मुलांचे नंबर १३ पर्यंत जातात आणि तिथून पुन्हा १ पासून मोठ्यांची मोजणी सुरू होते. तेव्हा १३ नंतर १ हा सरळ पुढचा नंबर आहे आणि संकेतस्थळ बरोबर सांगत आहे. फक्त मागवताना तो १ नंबर मोठ्या मुलांच्या विभागातला आहे ना, एवढे तपासून घ्या, कारण तान्ह्या मुलांच्या विभागातही १ नंबर असतो.

आता भडगावच्या ताईंचा प्रश्न. आपले दोन्ही तक्ते आपापल्या जागी बरोबर असू शकतात. एकाने पायाची लांबी लिहिली आहे आणि दुसऱ्याने बुटाच्या आतली लांबी, एवढाच फरक असावा असा माझा अंदाज आहे. बूट पायाच्या लांबीइतका कधीच बनत नाही. चालताना बोटे पुढे सरकतात आणि पाय लांबावतो, म्हणून पुढे साधारण एक ते दोन सेंटीमीटरची जागा ठेवावी लागते. बूट ज्या साच्यावर शिवतात तो साचा ही जागा धरूनच बनवलेला असतो, आणि यूके व युरोप हे दोन्ही नंबर मुळात त्या साच्याच्या लांबीचे आहेत.

तक्त्यातले सेंटीमीटर कशाचे आहेत, हे घरबसल्या पडताळता येते. यूके नंबरात २५ मिळवा आणि तीनने भागा, म्हणजे साच्याची लांबी इंचांत मिळते. ६ नंबराचे करून पाहू. ६ आणि २५ मिळून ३१, त्याला तीनने भागले की १०.३३ इंच, म्हणजे सुमारे २६.२ सेंटीमीटर. आपल्या पहिल्या तक्त्यात ६ समोर नेमका हाच आकडा आहे. याचा अर्थ तिथे बुटाच्या आतली लांबी दिलेली आहे. वडिलांचा २५.८ चा पाय त्या बुटात गेला तर पुढे अवघे चार मिलिमीटर उरतील आणि पहिल्याच उतारावर नखे बुटाला आपटतील. आता ७ नंबर घ्या. ३२ ला तीनने भागले की १०.६७ इंच, म्हणजे २७.१ सेंटीमीटर. दुसऱ्या तक्त्यात ७ समोर २६ आहे, साच्यापेक्षा एक सेंटीमीटरने कमी. म्हणजे तो आकडा पायाचा आहे. या दृष्टीने वाचले तर दोन्ही तक्ते ७ नंबराकडेच बोट दाखवतात.

कारखान्यागणिक साचे बदलतात, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे होणारच. पण पायाची लांबी आणि आतली लांबी यांत सेंटीमीटरभर अंतर असते, त्यामुळे तक्ता कोणत्या जातीचा आहे ते या हिशेबाने सहसा ओळखता येते.

एक विचारायचे राहिले. फूटपट्टीने मोजताना शून्याची खूण कुठे होती? शाळेच्या पट्टीला शून्याच्या अलीकडे चार-पाच मिलिमीटरची कोरी कड असते. ती कड भिंतीला टेकवून थेट वाचले तर पाय तेवढाच आखूड भरतो, आणि पाच मिलिमीटर म्हणजे यूकेच्या अर्ध्या नंबराहून जास्त होतात.

गिरणाकाठ (भडगाव)

काका, मनापासून आभार. कागदाची कड भिंतीला लावली होती, खूण कागदावर केली आणि मग कागद टेबलावर घेऊन शून्यापासून मोजले, त्यामुळे पट्टीच्या कडेचा प्रश्न आला नसावा. मात्र आमच्या भिंतीला खाली फरशीची पट्टी आहे आणि ती भिंतीपासून थोडी पुढे आलेली आहे. टाच त्या पट्टीलाच टेकली होती, कागदही तिथूनच सुरू होत होता. ते चालेल ना?

जुना दुकानदार (भुसावळ)

टाच आणि कागद एकाच पृष्ठभागाला टेकलेले असतील तर कागदावरची लांबी सहसा बरोबर येते. पण टाचेचा सर्वांत मागे आलेला फुगवटा जमिनीला लागून नसतो, थोडा वर असतो. फरशीची पट्टी बुटकी असेल तर हा फुगवटा तिच्या वरून मागे जातो आणि माप दोन-तीन मिलिमीटरने कमी भरते. त्यापेक्षा दाराच्या चौकटीजवळ किंवा लोखंडी कपाटाच्या सपाट बाजूला टाच टेकवावी.

पुढच्या टोकाला पेन्सिलीने खूण करण्याऐवजी जाड पुस्तक उभे करून सर्वांत लांब बोटाला अलगद टेकवावे आणि पुस्तकाच्या पायथ्याशी रेघ मारावी. पेन्सिल आत झुकली की माप घटते, बाहेर झुकली की वाढते, आणि सरळ धरली तरी तिची अर्धी जाडी मापात मिसळते. पुष्कळांचे अंगठ्याशेजारचे बोट अंगठ्यापेक्षा लांब असते, तेव्हा अंगठ्यावर भिस्त ठेवू नये. वडिलांनी दोन्ही पायांवर सारखा भार देऊन सरळ समोर पाहत उभे राहावे आणि खूण दुसऱ्याने करावी. स्वतः वाकून खूण केली की भार चवड्यावर जातो आणि पाय हलतो. फिरताना ते जे मोजे घालणार असतील ते घालूनच माप घ्या.

आता अमळनेरच्या भाऊंच्या ३४ बद्दल. त्यांचा अनुभव खरा आहे, पण तो त्यांच्या स्वतःच्या नंबराच्या आसपासच खरा ठरतो. युरोपी पद्धतीत तीन नंबर म्हणजे दोन सेंटीमीटर. यूके पद्धतीत तीन नंबर म्हणजे एक इंच, अर्थात २.५४ सेंटीमीटर. दोन्हींची पावले वेगवेगळी असल्यामुळे एकच वजाबाकी सगळीकडे लागू पडणे शक्य नाही. ४१ आणि ४२ या नंबरांपाशी ती जमून जाते, कारण ४२ चा साचा २८ सेंटीमीटरचा असतो आणि यूकेच्या हिशेबाने तो ८ च्या जवळच येतो. पण बायकांच्या ३८ नंबराचा साचा २५.३ सेंटीमीटरचा असतो, तो यूके ५ च्या जवळ पडतो. तिथे ३४ वजा करून कोणी ४ मागवला तर बूट पायात शिरणार नाही. वर ४६ कडे गेलात की फरक ३५ होतो.

अमळनेरी

काकांचे म्हणणे पटले. माझा नंबर ४२ आहे आणि भावाचा ४१, त्यामुळे आमच्या घरात तो हिशेब कधी चुकला नाही. तरीही मोठ्या माणसाचे पुरुषी बूट घेताना ४० ते ४३ पर्यंत हा हिशेब सोयीचा आहे, असे माझे मत कायम आहे. ४३ ला अर्ध्या नंबराची गडबड होत असेलही.

परिचारिका (धुळे)

माप संध्याकाळीच का, यावर थोडे लिहिते, कारण याच गोष्टीचा अर्थ बरेच जण चुकीचा घेतात. दिवसभर उभे राहिल्याने आणि बसून पाय लोंबकळत ठेवल्याने रक्तवाहिन्यांतले पाणी पोटऱ्यांखाली उतरून पावलांत साचते. उन्हाळ्यात शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेजवळच्या रक्तवाहिन्या रुंदावतात आणि सूज आणखी वाढते. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४४-४५ अंशांवर जातो तेव्हा सकाळी पायात सैल वाटणारी चप्पल संध्याकाळी पावलावर वण उमटवते, हे पुष्कळांनी पाहिले असेल.

पण या सुजेमुळे पाय लांबीला फार वाढत नाही. वाढतो तो घेर. म्हणून ताई, आपण फक्त लांबी मोजली असेल तर संध्याकाळी मोजण्याचा अर्धा उपयोग वाया गेला. शिंप्याची कापडी टेप घेऊन अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या हाडापासून करंगळीच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंत, वडील उभे असताना, पावलाभोवती घेर मोजावा. टेप आवळू नये. हेच माप सकाळीही घेऊन पाहा, फरक आपल्याला दिसेल. आणि ज्या दिवशी ते लांबच्या एसटी प्रवासाहून किंवा लग्नाच्या पंगतीत दिवसभर उभे राहून आले असतील त्या दिवशी माप घेऊ नका, तो त्यांचा रोजचा पाय नव्हे.

एक सावधगिरी. सूज एकाच पायाला असेल, किंवा नडगीवर अंगठ्याने दाबल्यावर खळगा तसाच राहत असेल, तर बुटाचा नंबर वाढवण्याआधी डॉक्टरांना पाय दाखवावा. वडिलांना मधुमेह आहे का? असल्यास पावलांची जाणीव कमी झालेली असू शकते आणि मग बूट चावतो आहे की नाही हे त्यांच्या सांगण्यावरून ठरवता येत नाही.

सातपुडा पायथा (तळोदा)

माझा अनुभव रुंदीचा आहे. लहानपणापासून शेतात अनवाणी वावरल्याने माझा पंजा चांगलाच पसरट आहे. लांबीने मला ८ नंबर बसतो, पण रुंदीला आवळतो म्हणून मी नेहमी ९ घेत आलो. रुंदी मिळते, पण टाच मागे उचलली जाते आणि बूट चवड्याच्या पुढे, भलत्याच जागी दुमडतो. सहा महिन्यांत तिथे चीर पडते. याला काही इलाज आहे का, की आमच्यासारख्यांनी चपलाच वापराव्यात?

जुना दुकानदार (भुसावळ)

भाऊ, बूट भलत्या जागी दुमडतो हे आपण अचूक टिपले आहे. नंबर वाढवला की घेर थोडा वाढतो, पण लांबी त्याहून जास्त वाढते. बुटाचा वाकण्याचा भाग पुढे सरकतो, पाय मात्र आपल्या ठिकाणीच वाकतो आणि तळ फाटतो. त्याऐवजी लांबी ८ चीच ठेवून रुंद साच्याचा बूट शोधावा. धावण्याच्या बुटांत पुरुषांची नेहमीची रुंदी `D` या अक्षराने दाखवतात, रुंद बुटावर `2E` आणि त्याहून रुंद बुटावर `4E` लिहिलेले असते. संकेतस्थळावर रुंदी निवडायची सोय नंबराच्या खाली बारीक अक्षरांत असते आणि बहुतेकांच्या नजरेतून ती सुटते.

अडचण आपल्या पायांची नाही, हेही सांगावेसे वाटते. आपण वापरतो ते यूके नंबर ब्रिटिशांकडून आले. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने डिसेंबर २०२१ ते मार्च २०२२ या काळात देशातील ७९ ठिकाणी १,०१,८८० लोकांच्या पावलांची मापे घेतली, तेव्हा भारतीय पावले सर्वसाधारणपणे अधिक रुंद असल्याचे आढळले. त्यावरून ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवली गेली. आमच्या दुकानात दर आठवड्याला जे दिसत असे, तेच त्या आकड्यांत आले आहे.

गिरणाकाठ (भडगाव)

सर्वांच्या सूचनांप्रमाणे काल पुन्हा मापे घेतली. या वेळी टाच गोदरेजच्या कपाटाला टेकवली आणि पुढे शब्दकोश उभा केला. डावा पाय, मोज्यासह, सकाळी सात वाजता २५.७ आणि संध्याकाळी सहा वाजता २५.९ भरला. घेर मात्र सकाळी २४.६ आणि संध्याकाळी २५.२ भरला. परिचारिका ताईंनी म्हटल्याप्रमाणे लांबी जेमतेम बदलली आणि घेर सहा मिलिमीटरने वाढला. दाबल्यावर खळगा राहत नाही. मधुमेह नाही.

आता ७ आणि ८ यांच्यात मन अडकले आहे. काकांच्या हिशेबाने ७ नंबरात पुढे १.२ सेंटीमीटर जागा राहते आणि ८ नंबरात दोन सेंटीमीटर. दुसऱ्या संकेतस्थळावर साडेसात नंबर आहे, पण तिथे त्याचा युरोपी नंबर ४१.५ दाखवला आहे आणि पहिल्या संकेतस्थळावर यूके ७ लाच ४१ म्हटले आहे. हे जुळते का?

जुना दुकानदार (भुसावळ)

जुळते असे म्हणण्यापेक्षा जुळवलेले आहे, असे म्हणावे लागेल. युरोपी नंबराला तीनने भागून दुप्पट केली की साच्याची लांबी सेंटीमीटरमध्ये येते. ४१ ची २७.३ येते आणि यूके ७ ची आपण २७.१ काढली होती. दोन मिलिमीटरचा हा फरक तक्ता छापणारा गिळून टाकतो, आणि कोणी वरच्या नंबराकडे झुकतो तर कोणी खालच्या. म्हणूनच एकाच्या तक्त्यात यूके ८ समोर ४२ असते तर दुसऱ्याच्या तक्त्यात ४२.५. यासाठी माझा आग्रह असा की यूकेवरून युरोपी, युरोपीवरून अमेरिकी असे नंबर बदलत जाऊ नये. दर वळणावर थोडी चूक मिसळते. पायाचे सेंटीमीटर हातात ठेवावेत आणि ज्या कंपनीचा बूट घ्यायचा तिच्याच तक्त्यात थेट पाहावेत. अमेरिकी नंबर दिसला तर विशेष जपावे, कारण तिथे पुरुषांचा नंबर यूकेपेक्षा अर्ध्या ते एकाने पुढे असतो, बायकांचा साधारण दोनाने, आणि स्त्री-पुरुष दोघांसाठी असलेल्या बुटांवर नेमका कोणाचा नंबर छापला आहे ते शोधावे लागते.

वडिलांसाठी मी साडेसात घेईन. २७.५ चा साचा, म्हणजे पुढे दीड सेंटीमीटरच्या आसपास जागा. घेर वाढतो आहे, म्हणून रुंद साचा मिळाला तर उत्तमच.

परिचारिका (धुळे)

काका, इथे माझे थोडे वेगळे मत आहे. वडील बूट सकाळी घालणार आहेत, आणि सकाळचा घेर २४.६ आहे. संध्याकाळच्या २५.२ वर बूट निवडला तर सकाळी टाच सैल राहील. ज्येष्ठ माणसाला सैल बुटात पाय मुरगळण्याचा धोका आवळण्याइतकाच खरा आहे. फिरून आल्यावर लगेच, मोजे काढण्याआधी जे माप येईल ते घ्यावे, असे मला वाटते.

जुना दुकानदार (भुसावळ)

आपला मुद्दा विचार करण्यासारखा आहे, पण मी अजूनही संध्याकाळच्याच मापावर राहीन. सैल बूट नाडीने आवळता येतो, आवळणारा बूट कशानेही मोठा होत नाही. शिवाय बूट घरात आले की माणूस ते बाजारालाही घालतो आणि लग्नालाही. नाडी नसलेले, पाय सरकवून घालायचे बूट घ्यायचे असते तर मात्र मी आपले ऐकले असते.

गिरणाकाठ (भडगाव)

बूट आले. साडेसात नंबर, रुंदी नेहमीचीच, कारण रुंद साचा शिल्लक नव्हता. वडिलांना संध्याकाळी चादरीवर चालवून पाहिले, जेणेकरून तळ मळू नये आणि वेळ आलीच तर परत करता यावेत. आतली गादी काढून जमिनीवर ठेवली आणि त्यांना तिच्यावर उभे केले. डाव्या पायापुढे अंगठ्याच्या रुंदीपेक्षा थोडी कमी जागा उरली, उजव्यापुढे थोडी जास्त, आणि चवडा गादीच्या कडेबाहेर आला नाही. संध्याकाळी बूट व्यवस्थित वाटला. आज सकाळी फिरताना मात्र उजवी टाच किंचित उचलली जाते असे ते म्हणाले. परत करण्याची मुदत अजून काही दिवस आहे.

जुना दुकानदार (भुसावळ)

उजवा पाय जवळजवळ अर्ध्या सेंटीमीटरने लहान आहे, त्यामुळे त्याच टाचेला सैल वाटणे स्वाभाविक आहे. उजव्या बुटाच्या सर्वांत वरच्या, घोट्याजवळच्या जादा छिद्रातून नाडीचे प्रत्येक टोक त्याच बाजूने परत आत घ्या, म्हणजे दोन्हीकडे एकेक लहान फास तयार होईल. दोन्ही बाजूंच्या फासांतून समोरचे टोक ओवून मग बांधा. टाच मागे घट्ट बसते आणि चवड्यावर दाब वाढत नाही. बूट घरातच घालून दोन-तीन सकाळी असे करून पाहा. त्यानंतरही टाच उचलली गेली तर मुदतीतच परत करा, आणि त्या वेळी ७ नंबर रुंद साच्यात मिळतो का ते आधी शोधा.

परिचारिका (धुळे)

आणि त्या सकाळींनंतर दोन्ही पायांची बोटे व टाचा उजेडात पाहाव्यात. लाल डाग अर्ध्या तासात गेला नाही, तर ती जागा बूट घासतो आहे असे समजावे.